डिकीतलं दुसरं स्टिअरिंग

घासाघीस करायला दुकानातला सगळ्यांत अवघड माणूस कोण? मालक तर नक्कीच नाही. मालकाला गोड बोलून गुंडाळता येतं, जुनी ओळख काढता येते, "बरं, चाललो मी" म्हणत पायरीपर्यंत जाऊन परत येता येतं. खरा अवघड म्हणजे गल्ल्यावर बसवलेला तो मख्ख पोऱ्या. "शेठ बाहेर गेलेत, भाव कमी करायचा अधिकार मला नाही" हे एकच वाक्य त्याला येतं आणि तेवढ्या भांडवलावर तो दिवसभर किल्ला लढवतो. तुम्ही त्याला शंभर टक्के पटवलंत तरी हाती काही लागत नाही, कारण त्याच्या पटण्याला किंमतच नाही. आणि शेठ? ते मागच्या खोलीत चहा पीत बसलेले असतात.

या पोऱ्याच्या ताकदीचा हिशेब थॉमस शेलिंग नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1956 साली एका निबंधात मांडला. पुढे 2005 साली त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की सौद्यात स्वतःच्या पळवाटा बुजवून टाकणं ही ताकद असते, कारण मग पळायचं काम समोरच्यावर येतं. त्याचं घराचं उदाहरण मला फार आवडतं. एक घर आहे. घेणाऱ्याला ते 20 हजार डॉलरला परवडतं, पण बाकी कोणी 16 हजारांच्या वर द्यायला तयार नाही. म्हणजे सौदा 16 ते 20 हजारांमध्ये कुठेही पटू शकतो आणि नेमका कुठे, हे ठरवायला दोघांच्या घशाच्या ताकदीखेरीज दुसरं काही नाही. आता घेणारा एक वेडपटपणा करतो. तो तिसऱ्याच माणसाशी पैज लावतो, की मी 16 हजारांपेक्षा एक छदाम जास्त दिला तर तुला 5 हजार रोख देईन. पैज कायद्याने वसूल होण्याजोगी आहे आणि तिचा कागद विकणाऱ्याच्या टेबलावर आहे.

बघा काय झालं. आता घेणाऱ्याने 16 हजार 1 डॉलर दिला तर त्याला घर 21 हजार 1 डॉलरला पडतं. तेवढी त्या घराची त्याच्या लेखी लायकी नाही. म्हणजे तो देणार नाही, आणि तो देणार नाही हे विकणाऱ्याला कळतं. विकणाऱ्याने कितीही आदळआपट केली तरी त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात, 16 हजार घे नाहीतर घर ठेवून घे. स्वतःच्या मानेला फास लावून माणसाने चार हजार डॉलर वाचवले.

या गोष्टीत लोकांना फास दिसतो आणि ते खूष होतात. कामाचा भाग मात्र तो 5 हजारांचा आकडा आहे. पैज 50 डॉलरची असती तर? विकणाऱ्याने 19 हजार सांगितले असते आणि वर म्हटलं असतं, पन्नास डॉलर माझ्याकडून घे, मित्राचं तोंड बंद कर. शब्द मोडण्याचा दंड शब्द मोडून होणाऱ्या फायद्यापेक्षा मोठा हवा, तो वसूल करणारा खमक्या हवा आणि हे सगळं समोरच्याला दिसायला हवं. यातलं एक जरी नसलं तरी ती निव्वळ फुशारकी.

दिसण्याचा मुद्दा आपल्याला सिंहगडाने चुकीचा शिकवलाय. 1670 साली तानाजी पडल्यावर सूर्याजीने परतीचे दोर कापले, ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो. पण ते दोर उदेभानाला दाखवायला कापलेले नव्हते. रात्रीच्या अंधारात कड्यावरचा दोर कापला की ठेवला, हे त्याला कुठून कळणार? ते कापले पळू लागलेल्या आपल्याच माणसांसाठी. लढाईत तेवढं पुरतं. वाटाघाटीत पुरत नाही. तिथे दोर समोरच्याच्या डोळ्यांदेखत, भर दुपारी, आणि त्याने स्वतःचा दोर कापायच्या आधी कापावा लागतो.

म्हणूनच हर्मन कान या अणुयुद्धाच्या पंडिताने 1965 साली तो प्रसिद्ध नमुना पेश केला. दोन पोरं समोरासमोर गाड्या भरधाव सोडतात, जो आधी वळेल तो भित्रट. अमेरिकेत या खेळाला 'चिकन' म्हणतात. कान म्हणतो, जिंकायचंय तर गाडीत दारू पिऊन बसा, डोळ्यांवर काळा चष्मा चढवा आणि वेग आला की स्टिअरिंग उखडून खिडकीबाहेर फेका. समोरच्याने ते पाहिलं की वळायची जबाबदारी संपूर्ण त्याची. पण कान अगदीच बावळट नव्हता. समोरचा बघतच नसेल तर पंचाईत, आणि त्यानेही स्टिअरिंग फेकलं तर आणखी पंचाईत, हेही त्याने लगेच लिहून ठेवलं. ही दोन वाक्यं सोडून बाकी सगळं लोकांच्या लक्षात राहिलं.

खरोखर फेकलेलं स्टिअरिंग कसं दिसतं, ते पाहायचं असेल तर शीतयुद्धातल्या पश्चिम बर्लिनकडे बघा. चहूबाजूंनी सोव्हिएत गटाच्या प्रदेशाने वेढलेल्या त्या शहरात अमेरिकेने काही हजार सैनिक ठेवले होते. सोव्हिएत फौजेपुढे ते फार काळ टिकले नसते, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. मग ते तिथे करत काय होते? शेलिंगचं उत्तर निर्दय होतं: ते मरू शकतात. काही हजार अमेरिकन पोरं मेल्यावर कोणत्याही अमेरिकन अध्यक्षाला गप्प बसणं शक्य नव्हतं. म्हणजे अध्यक्षाने युद्धाचा निर्णय आपल्या हातातून काढून त्या पोरांच्या जिवाला बांधून ठेवला होता. याला म्हणतात दंड.

आता ज्याच्यासाठी एवढी प्रस्तावना केली त्या गृहस्थाकडे येतो. यानिस वारुफाकिस. 25 जानेवारी 2015 रोजी ग्रीसमध्ये सिरिझा हा डावा पक्ष निवडून आला, अलेक्सिस त्सिप्रास पंतप्रधान झाले आणि त्यांनी अर्थमंत्री नेमला तो चक्क गेम थिअरीचा प्राध्यापक. या विषयावर ज्याने सहलेखकासोबत पाठ्यपुस्तक लिहिलं, असा माणूस. मोटरसायकल, चामड्याचं जाकीट, सदरा पँटच्या बाहेर. युरोपभरच्या पत्रकारांना तर लॉटरीच लागली. कर्जबाजारी देशाने सावकारांशी बोलणी करायला या खेळाचा मास्तरच धाडला होता.

मास्तरांनी फेब्रुवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून सांगितलं, की मी कुठलाही खेळ खेळत नाही, आम्ही थापा मारत नाही. आता, थापा मारणारा माणूस याहून वेगळं काय लिहील? मास्तरांचं प्रामाणिक असणं शक्य आहे, मला तर ते होते असंच वाटतं. पण या खेळात प्रामाणिकपणा सांगून सिद्ध होत नाही. दंडाचा कागद टेबलावर ठेवावा लागतो.

ग्रीसचा प्रश्न सोपा होता. कर्ज फेडायला नवं कर्ज हवं होतं. देणारे तीन: युरोझोनची सरकारं, युरोपियन सेंट्रल बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी. त्यांची अट पेन्शन कापा, कर वाढवा, सरकारी मालमत्ता विका. सिरिझाने मतदारांना दोन वचनं दिली होती: काटकसरीचा हा जाच बंद करू, आणि युरो सोडणार नाही. टक्कर झाली तर ग्रीस युरोबाहेर जाणार आणि त्याच्या धक्क्याने उरलेल्या युरोपचंही कंबरडं मोडणार, म्हणून ते वळतील, हा अथेन्सचा हिशेब.

पण मंडळी, दुसरं वचन म्हणजेच डिकीत ठेवलेलं दुसरं स्टिअरिंग. बहुसंख्य ग्रीकांना युरो हवाच होता, प्रत्येक जनमत चाचणी तेच सांगत होती आणि त्या चाचण्या बर्लिनमध्येही वाचल्या जात होत्या. "आम्ही वळणार नाही, पण रस्ता सोडून खड्ड्यातही जाणार नाही" असं म्हणणारा गाडीवान शेवटी काय करणार, हे कळायला गेम थिअरी लागत नाही.

पाच महिने बैठका झाल्या. फेब्रुवारीत चार महिन्यांची मुदतवाढ मिळाली, ती 30 जूनपर्यंत. दरम्यान लोक आपल्या ठेवी काढत होते. वर्षाच्या पहिल्या सहामाहीत ग्रीक बँकांमधून जवळपास 40 अब्ज युरो बाहेर पडले. हा भाग नीट पाहण्यासारखा आहे. समोरासमोर येणाऱ्या गाड्यांच्या खेळात दोघांचा वेळ सारखाच संपतो. इथे प्रत्येक दिवस एकाच्याच टाकीतून तेल गळत होतं. ग्रीक बँका रोज सकाळी उघडत होत्या त्या सेंट्रल बँकेने मंजूर केलेल्या आपत्कालीन उसनवारीवर. म्हणजे ज्याच्याशी टक्कर घ्यायची, पेट्रोलही त्याच्याच पंपावर भरायचं.

26 जूनच्या रात्री त्सिप्रास यांनी डाव टाकला. मध्यरात्र उलटून गेल्यावर टीव्हीवर येऊन त्यांनी जाहीर केलं, की सावकारांच्या अटी मान्य की अमान्य यावर 5 जुलैला सार्वमत घेऊ. शेलिंगच्या पुस्तकात शोभेल अशी चाल! माझे हात जनतेने बांधलेत, साहेब, माझी इच्छा असूनही मी काही करू शकत नाही. मतपत्रिकेवर 'नाही'चा चौकोन वर आणि 'हो'चा खाली छापला होता. सरकारचं मन कुठे आहे, याबद्दल मतदाराचा गोंधळ होऊ नये ही काळजी! शिवाय ज्या अटींवर मत मागितलं त्यांची मुदत 30 जूनलाच संपत होती. म्हणजे जनता विचारपूर्वक नकार देणार होती तो एका शिळ्या कागदाला.

सावकारांनी मतदानाची वाट पाहिली नाही. 28 जूनला, रविवारी, सेंट्रल बँकेने आपत्कालीन उसनवारीची मर्यादा आहे तिथे गोठवली. आपण काही बंद केलं नाही, फक्त वाढवलं नाही, असं ती सांगू शकत होती. सोमवारपासून ग्रीक बँका बंद. एटीएममधून माणशी दिवसाला 60 युरो. 30 जूनला नाणेनिधीचा सुमारे दीड अब्ज युरोंचा हप्ता चुकला. आणि 5 जुलैला, बँकांना कुलूप असताना, रांगांत उभं राहून, 61.3 टक्के ग्रीकांनी 'नाही' म्हटलं. त्या जनतेचं मला खरंच कौतुक वाटतं. तिने आपलं काम चोख केलं. पंतप्रधानांनी हात पुढे केले, तिने ते करकचून बांधले.

आणि दुसऱ्याच दिवशी गाठ सुटली. 6 जुलैला वारुफाकिस यांचा राजीनामा, आठवड्याच्या शेवटी ब्रुसेल्समध्ये शिखर बैठक. रात्रभर धरून सुमारे 17 तास चाललेल्या त्या बैठकीनंतर 13 जुलैच्या सकाळी त्सिप्रास बाहेर आले ते जनतेने आठवड्यापूर्वी नाकारलेल्या अटींपेक्षा कडक अटी घेऊन. त्यात 50 अब्ज युरोंच्या सरकारी मालमत्तेचा विक्री-निधीही आला. बदल्यात 86 अब्जांपर्यंतचं कर्ज.

असं का झालं? शेलिंगचा कागद पुन्हा काढा आणि विचारा, दंड किती होता? शब्द मोडून 'हो' म्हणण्याची किंमत: थोडी नामुष्की, पक्षात फूट. शब्द पाळून 'नाही' म्हणण्याची किंमत: बँका उघडणार नाहीत, काही दिवसांत नवं चलन छापायला लागेल, आणि औषधापासून इंधनापर्यंत बाहेरून येणारं सगळं त्या चलनात विकत घ्यावं लागेल. पैज 50 डॉलरची होती आणि घर वाचवायचं होतं. बर्लिनमध्ये बसलेले जर्मन अर्थमंत्री वोल्फगांग शॉयब्ले यांनी ही वजाबाकी केली. त्यांनी 10 जुलैच्या टिपणात तर पर्यायच लिहून दिला, की अटी नको असतील तर ग्रीसने निदान पाच वर्षं युरोतून सुट्टी घ्यावी. म्हणजे ज्या टक्करीची धमकी अथेन्स देत होतं, तिचं वेळापत्रक जर्मनीने छापून हातात ठेवलं.

शॉयब्लेंना ते परवडत होतं, कारण रस्ता बदलला होता. 2010 साली ग्रीस बुडाला असता तर त्याचे रोखे पोटात असलेल्या फ्रेंच आणि जर्मन बँकाही बुडाल्या असत्या. 2015 पर्यंत ग्रीसचं बहुतेक कर्ज सरकारं आणि सरकारी संस्थांच्या खात्यावर गेलं होतं, आणि 2012 पासून 500 अब्ज युरोंपर्यंत कर्ज देऊ शकणारा बचाव-निधी उभा होता. अथेन्सचा धमकीचा हिशेब पाच वर्षं जुन्या दरपत्रकावर होता.

आणि हात बांधायचंच म्हणाल तर समोरची मंडळी त्यात उस्ताद निघाली. अँगेला मर्केल यांना जर्मन संसदेची परवानगी लागत होती. फिनलंडच्या सरकारात मदतीला कडाडून विरोध करणारा पक्ष बसला होता. स्लोव्हाकियाचं म्हणणं, आमच्या गरीब जनतेने ग्रीकांच्या पेन्शनचे पैसे का भरायचे? सेंट्रल बँकेची नियमावली होती. प्रत्येकाच्या मागे एक शेठ चहा पीत बसलेला. तुमच्याकडे एक सार्वमत, तर आमच्याकडे 18 लोकशाह्या, हे उत्तर तयार होतं. शिवाय या दोऱ्या जुन्या होत्या, कायद्यात विणलेल्या होत्या आणि सोडवायला महिने लागणाऱ्या होत्या. त्सिप्रास यांची दोरी मतदानाच्या नऊ दिवस आधी बाजारातून आणलेली.

खरं बांधून घ्यायचं असतं तर काय करावं लागलं असतं, हे मास्तरांना माहीत होतं. त्यांनीच नंतर मुलाखतीत सांगितलं: बँका बंद झाल्या की आपण युरोमध्ये मोजलेल्या सरकारी हुंड्या काढायच्या, सेंट्रल बँकेकडे असलेल्या ग्रीक रोख्यांची किंमत एकतर्फी कापायची आणि ग्रीसची मध्यवर्ती बँक ताब्यात घ्यायची. ही खरी स्टिअरिंग फेकण्याची चाल. परतीची वाट त्यात नव्हती. सहा जणांच्या बैठकीत त्यावर चार विरुद्ध दोन असा निकाल लागला आणि मास्तर दोनांत होते. ती चाल शहाणपणाची होती असं मी म्हणत नाही. समोरून येणारा तरीही वळला नसता तर ग्रीसचा चेंदामेंदा झाला असता, आणि त्या चौघांना बहुधा तेच दिसलं. एवढंच म्हणतो, की त्या खोलीत चौघांनी दुसरं स्टिअरिंग काढून बसवलं, तेव्हाच सार्वमताचा निकाल लागला होता. मतदान मागाहून झालं.

राहता राहिला प्रश्न दंडाचा. शब्द मोडल्याबद्दल त्सिप्रास यांना मतदार धडा शिकवतील, हाच तर सार्वमतामागचा धाक होता. ऑगस्टमध्ये सिरिझाचे काही खासदार जुलैच्या 'नाही'ला चिकटून राहिले, पक्ष सोडून बाहेर पडले आणि 'लोकप्रिय एकता' अशा नावाचा पक्ष काढून 20 सप्टेंबरच्या निवडणुकीला उभे राहिले. त्सिप्रास यांना 35 टक्क्यांवर मतं आणि 300 पैकी 145 जागा मिळाल्या, ते पुन्हा पंतप्रधान झाले. ज्यांनी शब्द पाळला त्यांना संसदेत शिरायला लागणारी 3 टक्के मतंही पडली नाहीत. जागा शून्य.